नवी रूममेट येतेय : पहिल्या संध्याकाळी काय बोलावं आणि काय गिळून टाकावं?

कागदीहोडी
होस्टेलचं माझं दुसरं वर्ष. जुनी रूममेट शिक्षण संपवून गेली आणि रविवारी संध्याकाळी नवीन मुलगी येतेय. पहिल्या वर्षाची आहे, एवढंच कळलंय.

गेल्या वर्षी मी पहिल्याच संध्याकाळी मोठ्या मनाने म्हणून बसले होते, "काहीही लागलं तर बिनधास्त घे गं, विचारायचं पण नाही." तिने ते शब्दशः घेतलं. त्यात तिची चूक काहीच नव्हती, मीच तसं सांगितलं होतं. तिसऱ्या महिन्यापर्यंत मी शाम्पू कपाटात कुलूप लावून ठेवायला लागले होते. माझ्या पलंगावर तिच्या मैत्रिणी बसलेल्या असल्या की मी वाचनालयात जाऊन झोपायचे. शेवटी भांडण झालं ते कंगव्यावरून. वर्षभर साचलेलं सगळं त्या कंगव्यावर निघालं. ती म्हणाली, "तूच तर सांगितलं होतंस!" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

या वेळी तसं नको आहे. पण आल्या आल्या नियम ऐकवणारी खडूस सीनियरही व्हायचं नाही. तर पहिल्या संध्याकाळी नेमकं काय आणि किती बोलावं?

रातकिडा
"मी घोरते" एवढं सांग. बाकीच्या मर्यादा ती स्वतःच आखून घेईल.

मोजपट्टी
सोपं आहे. एक कागद घे आणि सगळं लिहून काढ: दिवा किती वाजता बंद, पाहुणे किती वाजेपर्यंत, झाडू कोणी कधी मारायचा, फोन कुठे, किल्ली कुठे. मी चौदा मुद्दे लिहिले होते आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवले होते. लेखी असलं की वाद होत नाही.

रातकिडा
@मोजपट्टी, आणि रूममेट किती दिवस टिकली?

मोजपट्टी
टिकला. बोलत नव्हता, पण टिकला.

श्रावणसरी६८
बाळा, मनस्ताप करून घेऊ नकोस. पहिल्या आठवड्यातच रूम बदलण्याचा अर्ज दे. माझ्या मुलाच्या वेळी आम्ही उशीर केला, मग वर्षभर रडारड. अर्जाची एक प्रत स्वतःकडे ठेवायची.

कागदीहोडी
काकू, मुलगी अजून आलेलीच नाहीये :)

अर्धाचष्मा
मुलींच्या होस्टेलवर चौदा वर्षं रेक्टर होते, त्यामुळे रूममेटची भांडणं मिटवण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलंय. माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारींत चोरीमारी फारच कमी असायची. झोप, आवाज आणि पलंग, बहुतेक सगळं या तिघांपाशी येऊन थांबायचं. आणि जवळपास प्रत्येक तक्रारीत एक वाक्य ठरलेलं: "मॅडम, आधी मला चाललं होतं, पण आता..." या "आधी चाललं होतं"मध्येच खरी गोम आहे.

मोजपट्टी यांचं अर्धं बरोबर आहे. किल्ली आणि झाडू या गोष्टी लिहून ठेवलेल्या बऱ्या, कारण त्यात कुणाच्या मनाचा प्रश्न नसतो. पण एकाने लिहून दुसऱ्याला दाखवलेला कागद म्हणजे नोटीस. ठराव दोघांचा असावा लागतो. आणि पहिल्या संध्याकाळी नवी मुलगी कशालाही हो म्हणते. तिला त्या क्षणी फक्त आईबाबा गेल्यावर रडू आवरायचं असतं.

म्हणून पहिल्या संध्याकाळी मी म्हणेन, फक्त उद्या सकाळपर्यंतच्या गोष्टी बोल. दिवा कधी बंद होणार, गजर किती वाजता, रात्री उठलं तर कुठला दिवा लावायचा. यापुढे काही नाही. पाहुणे, सफाई, वस्तू हे सगळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर दोघींनाही ठाऊक झालेलं असतं की आपल्याला खरोखर कशाचा त्रास होतो.

दुसरं म्हणजे, तिचे आईवडील खोलीत असताना यातलं एक अक्षरही काढू नकोस. तू साधं बोललीस तरी त्यांना ती तक्रार वाटते आणि मुलगी अवघडते. आणि आई हमखास म्हणणार, "हिच्याकडे जरा लक्ष ठेव हं." त्याला भाबडेपणाने "हो काकू, अजिबात काळजी करू नका" म्हणालीस की मग ती जेवली का, झोपली का, फोन का उचलत नाही, याचे फोन तुला येणार. "होस्टेलची सगळी माहिती मी तिला देईन" असं म्हण. खोटंही नाही आणि गळ्यातही पडत नाही.

खिडकीपाशी
मी नव्या मुलीच्या बाजूने बोलते, कारण मी तीच होते. माझी रूममेट गोड होती, हसून स्वागत केलं. पण खिडकीजवळचा पलंग तिचा, मोठं कपाट तिचं, प्लगपॉइंट तिच्या टेबलाशी. माझ्या वाट्याच्या कपाटाचा खालचा कप्पाही तिच्या जुन्या पुस्तकांनी भरलेला. ती म्हणाली, "काढते हं दोन दिवसांत." मी म्हणाले, "असू दे." ती पुस्तकं मार्चपर्यंत तिथेच होती. वर्षभर मी त्या खोलीत पाहुणी होते. पाहुणीला मर्यादा नसतात हो, तिला फक्त शिष्टाचार असतात.

त्यामुळे कागदीहोडी, तू काय बोलतेस याआधी तिचा अर्धा भाग खरोखर रिकामा कर. कप्पे पुसून ठेव. एक्स्टेन्शन बोर्ड मधोमध आण. एवढं दिसलं की ती स्वतःच बोलायला लागेल.

अर्धाचष्मा
खिडकीपाशी, अगदी. "दोन दिवसांत काढते" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय!

निळीशाई
मी मानसशास्त्र शिकवतो, म्हणून एक जुनी गोष्ट आठवली. अर्विन ऑल्टमन या संशोधकाने सहकाऱ्यांबरोबर नौदलाच्या खलाशांच्या जोड्या छोट्या खोल्यांत बाहेरच्या संपर्काशिवाय ठेवून पाहिल्या होत्या. ओळख नसलेले दोघे जण आणि एक खोली. पलंग कुणाचा, खुर्ची कुणाची, टेबलाची कुठली बाजू कुणाची, याच्या नोंदी बाहेरून घेतल्या. १९७१च्या अभ्यासात बऱ्याच जोड्यांनी ठरलेली मुदत संपायच्या आत प्रयोग सोडला.

टिकलेल्या जोड्यांत सुरुवातीच्या दिवसांत "हा माझा पलंग, ती तुझी जागा" असं बरंच काटेकोर होतं आणि पुढे ते सैल होत गेलं. सोडून गेलेल्या जोड्यांचं उलट. सुरुवातीला सगळं मोकळंढाकळं, आणि जसजसे दिवस गेले तसतशी जागांवरची ओढाताण वाढत गेली.

तुमचा शाम्पू हा दुसऱ्या गटातला. आधी मोकळीक, मग कुलूप. कुलूप उघडणं ही भेट वाटते, लावणं हा अपमान वाटतो.

उलटतपासणी
खलाशी कोंडलेले होते. होस्टेलवर माणूस उठून बाहेर जाऊ शकतं, मित्राच्या खोलीत झोपू शकतं. शिवाय काटेकोर होते म्हणून टिकले की मुळातच नीटनेटकी माणसं होती म्हणून टिकले, हे त्यावरून कसं कळणार? उगाच प्रत्येक गोष्टीला प्रयोग चिकटवायचा.

निळीशाई
आक्षेप मान्य आहे. तिथे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण बाहेर जाता येतं या मुद्द्यावर थोडं बोलतो. ऑल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच १९८०चा एक अभ्यास विद्यापीठाच्या होस्टेलमधल्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर आहे. एकांत हवा झाला की काय करता, असं त्यांना विचारलं होतं: दार लावता, बाहेर फिरायला जाता, संगीत लावून बसता, वगैरे. जे पुढे विद्यापीठात टिकले त्यांच्याकडे असे मार्ग जास्त होते आणि ते त्यांना उपयोगी पडत होते. सोडून गेलेल्यांकडे कमी. म्हणजे बाहेर जाणं हाही मर्यादा आखण्याचाच एक प्रकार, फक्त तो एकमेव असू नये. धागाकर्तीकडे वाचनालय हा एकच उरला होता.

रातकिडा
वाचनालयात झोपणारे आम्ही सगळे संशोधनात मोडतो हे वाचून ऊर भरून आला.

दारकिलकिलं
मला तर हे सगळं फार कृत्रिम वाटतं. आम्ही तिघे एका खोलीत राहिलो, एकाच बादलीत तिघांचे कपडे, कोण कुणाचा शर्ट घालतोय पत्ता नाही. काही बोलावं लागलं नाही. माणसं चांगली असली की मर्यादा लागत नाहीत.

उलटतपासणी
@दारकिलकिलं, त्या तिघांतल्या बाकीच्या दोघांना विचारलंय का कधी?

दारकिलकिलं
एकाला आत्ताच मेसेज केला. म्हणतोय, "निळा शर्ट अजून परत दिलेला नाहीस." असो.

अर्धाचष्मा
:) आता एक शब्दांबद्दलची गोष्ट सांगते, ती मला कळायलाच सहा-सात वर्षं लागली.

आपल्याकडे विचारायची पद्धत काय? "मी दिवा चालू ठेवला तर तुला चालेल ना?" या "चालेल ना"ला मराठीत एकच उत्तर आहे: "हो, चालेल की." नवखी मुलगी दुसरं उत्तर देऊच शकत नाही. मग विचारणारीला वाटतं परवानगी मिळाली आणि सांगणारी रात्रभर उशी तोंडावर घेऊन जागी. माझ्याकडे आलेल्या दोघींपैकी एक शपथेवर सांगायची "मी विचारलं होतं" आणि दुसरी रडत सांगायची "मला कुणी विचारलंच नाही". दोघी खरं बोलत असायच्या.

म्हणून मुलींना मी सांगायला लागले, "चालेल ना" विचारू नका. "किती", "कधी", "कसं" विचारा. "घरी तू किती वाजता झोपतेस?" "झोपताना पूर्ण अंधार लागतो की थोडा उजेड?" "सकाळी एका गजरात उठतेस की तीन लागतात?" याला हो म्हणून सुटता येत नाही, काहीतरी खरं सांगावंच लागतं.

आणि नकार द्यायचा असेल तर तो तिच्यावर नाही, स्वतःच्या सवयीवर ठेवायचा, आणि मागणी यायच्या आधी. तिने कंगवा उचलल्यावर "मी कंगवा देत नाही" म्हटलं की ते तिच्या हातावर बसतं. तेच आदल्या दिवशी सहज, "माझा कंगवा, टॉवेल आणि हेडफोन मी कुणालाच देत नाही, घरी बहिणीलाही नाही," असं आलं की ती फक्त तुझ्याबद्दलची माहिती असते. सोबत एखादी गोष्ट मोकळीही ठेव, "इस्त्री आणि छत्री हवी तेव्हा घे, फक्त जागेवर ठेव." म्हणजे सगळंच बंद वाटत नाही.

मोजपट्टी
"चालेल ना"चं वाचून मला माझ्या चौदा मुद्द्यांखालची रूममेटची सही आठवली. सही करताना तो "चालेल" म्हणाला होता.

खिडकीपाशी
पलंगाबद्दल कोणी बोलेना. खोलीत खुर्च्या दोन, येणारे चार. बसणार कुठे? पलंगावर. माझा उपाय: दिवसा पलंगावर एक जाड चादर पसरून ठेवते, बसा हवं तेवढं. रात्री ती काढली की खालची चादर माझी एकटीची. कुणाला उठ म्हणावं लागत नाही.

कागदीहोडी
खिडकीपाशी, हे आत्ताच करतेय. रविवारी रात्री किंवा सोमवारी काय झालं ते लिहिते. ताई, तुमचं "किती, कधी, कसं" वहीत उतरवून घेतलंय.

कागदीहोडी
झालं एकदाचं. बरंच मोठं आहे, सावकाश वाचा.

ती ठरल्यापेक्षा दोन तास आधी आली, आईवडील आणि धाकट्या भावासकट. मी नुकतेच केस धुतलेले, डोक्याला टॉवेल, आणि तिच्या पलंगावर माझे वाळलेले कपडे. कप्पे मात्र शनिवारीच पुसून रिकामे केले होते, तेवढी लाज राखली गेली. मी कपडे उचलले, "हा पलंग आणि हे पूर्ण कपाट तुझं" म्हणाले आणि त्यांना सामान लावू दे म्हणून अर्धा तास बाहेर जाऊन बसले. हे काही ठरवून केलेलं नव्हतं, खोलीत उभं राहायला जागाच नव्हती. पण परत आले तेव्हा तिची आई जरा सैल झाल्यासारखी वाटली. तिला माझ्यापुढे मुलीची ट्रंक उघडायची नसावी.

आणि ताई, शब्द न शब्द तेच वाक्य! "हिच्याकडे लक्ष ठेव हं बेटा." मी म्हटलं, "होस्टेलमधलं सगळं मी तिला दाखवते काकू." त्यांनी तरी नंबर मागितलाच. इथे मी गडबडले. देऊन टाकला.

ते गेल्यावर ती दहा मिनिटं कपाटात तोंड घालून काहीतरी लावत होती. मला कळत होतं काय चाललंय. मी काही बोलले नाही, बाटल्या भरून आणायला गेले. दोन्ही आणल्या.

नऊच्या सुमाराला मी विचारलं, "झोपताना तुला पूर्ण अंधार लागतो की थोडा उजेड?" मला वाटलं होतं ती उशिरापर्यंत वाचणारी असेल आणि मला दिवा बंद करण्याबद्दल बोलावं लागेल. ती खाली मान घालून म्हणाली, "मला अंधारात झोपच येत नाही. घरी पॅसेजचा दिवा चालू असतो." आणि मला तर मोबाइलच्या चार्जरचा ठिपका दिसला तरी त्यावर टेप लावावासा वाटतो! "चालेल ना" विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती आणि अंधारात डोळे उघडे ठेवून पडली असती.

मग आम्ही अक्षरशः प्रयोग केले. तिचा टेबल लॅम्प आधी टेबलावर भिंतीकडे तोंड करून लावला, तर भिंत पांढरी असल्याने सगळी खोली उजळली. मग जमिनीवर, तिच्या पलंगाच्या डोक्याच्या बाजूला, ट्रंकेच्या मागे ठेवला आणि मान खाली वळवली. माझ्या उशीवर डोकं ठेवून मी बघितलं, दिवा दिसत नव्हता, फक्त छताच्या एका कोपऱ्यात फिकट पट्टा. तिच्या पलंगावरून ट्रंकेची कड दिसत होती, तेवढं तिला पुरलं. मी म्हटलं, "बुधवारपर्यंत असं करून बघू. नाही जमलं तर मी डोळ्यांवर पट्टी बांधेन किंवा दुसरं काही शोधू." बुधवार म्हटल्यावर तिचा चेहरा उघडला, का कोण जाणे.

कंगव्याचं वाक्य सांगितलं. बहिणीसकट. ती हसून म्हणाली, "मला पण उष्टी बाटली नाही चालत, मी कसं सांगू याचाच विचार करत होते."

खिडकीपाशी
दोन्ही बाटल्या भरून आणल्यास ते वाचून बरं वाटलं.

निळीशाई
बुधवार म्हणजे कायमचं नव्हे, हे तिला ऐकू आलं असावं. मुदत घातलेल्या गोष्टीला माणूस खरं उत्तर देतो.

उलटतपासणी
किंवा तिला फक्त झोप आली असेल. पण दिव्याची जागा उशीवर डोकं ठेवून तपासली हे आवडलं. उभं राहून "दिसत नाही" म्हणणारे फार असतात.

अर्धाचष्मा
छान केलंस. नंबर दिलास तर दिलास. पहिला फोन आला की स्वतः उत्तर देऊ नकोस, "तिला सांगते तुम्हाला फोन करायला" एवढंच, दर वेळी. तीन-चारदा झालं की थांबतात.

रातकिडा
आणि गजर?

कागदीहोडी
तेच विचारायला परत आलेय. गजराचं विचारायचं राहून गेलं. आज पहाटे साडेपाचला तिचा गजर झाला. मग पाच पस्तीस, पाच चाळीस... सहा वेळा. ती सहालाही उठली नाही, मी साडेपाचला उठले ती उठलेच. सकाळी तोंडावर आलं होतं, पण काल रात्रीचं सगळं इतकं चांगलं झालंय की बोलवेना. बुधवारपर्यंत थांबू का?

अर्धाचष्मा
थांबू नकोस. दोन पहाटा गेल्या की तुझंही "आधी चाललं होतं" सुरू. पण पहाटे पलंगावरून बोलायचं नाही, त्या वेळी कुणाचाही आवाज कडूच लागतो. आज संध्याकाळी, दिव्याशी खेळताना, "तुला खरं किती वाजता उठायचं असतं?" असं विचार. सहा वाजता उठायचं असेल तर गजर सहाचाच हवा.

दारकिलकिलं
फोन तिच्या पलंगापासून लांब ठेवायला सांगा, उठून बंद करावा लागतो.

मोजपट्टी
तो लांब ठेवला की उठेपर्यंत जास्त वेळ वाजतो. स्वानुभव. उशीखाली नुसतं व्हायब्रेशन ठेवायचं.

उलटतपासणी
आणि व्हायब्रेशनने ती उठलीच नाही, वर्ग बुडाला, तर जबाबदार कोण?

रातकिडा
कागदीहोडी. आईकडे नंबर आहे ना तिचा.

कागदीहोडी
:( आज संध्याकाळी विचारते.

श्रावणसरी६८
सगळं वाचलं. म्हणजे अर्ज अजून दिलेलाच नाही का?